टेप संगीत: आवाज कापून, जोडून रचना कशी होऊ लागली? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गाणं टेपवर रेकॉर्ड केलं म्हणजे ते टेप संगीत होतं का?

नाही. मैफल रेकॉर्ड करताना टेपचं काम साठवणीचं असतं. गाणं आधीच तयार असतं आणि टेप ते धरून ठेवते. टेप संगीतात रचना फितीवरच घडते. आधी आवाज गोळा करायचे, ते कापायचे, उलटे करायचे, त्यांचा वेग बदलायचा, एकमेकांना जोडायचे, आणि शेवटी जी फीत हातात उरते तीच रचना. तिला वादक लागत नाही. नोटेशन असलंच तर ते कापण्याचं वेळापत्रक असतं.

म्हणून इथे पहिला प्रश्न "कोणता स्वर?" हा नसतो. "कोणता आवाज, आणि त्याचा कोणता भाग?" असं विचारावं लागतं. पुढची बहुतेक उत्तरं या "कोणता भाग" भोवतीच फिरतात, कारण या कलेतला सगळ्यात मोठा शोध तिथेच लागला असं आम्हाला वाटतं.

सुरुवात टेपपासूनच झाली ना?

नाव तसं असलं तरी नाही. कैरोमध्ये हलीम एल-दब्ह यांनी 1944 साली तारेवर मुद्रण करणारं यंत्र घेऊन झार या अंगात आलेलं उतरवण्याच्या विधीतले आवाज टिपले आणि स्टुडिओत त्यांच्यावर काम केलं. पॅरिसमध्ये फ्रेंच रेडिओतल्या प्येर शेफर यांनी 1948 साली पाच छोटे "आवाजांचे अभ्यास" केले, ते तबकड्यांवर. 5 ऑक्टोबर 1948 रोजी ते रेडिओवरून प्रसारित झाले. शेफर यांच्या स्टुडिओत टेप यंत्रं आली ती 1951 मध्ये. म्हणजे विचार तबकडीवर तयार झाला आणि टेपने त्याला हातपाय दिले.

तबकडीवर आवाज "कापणार" कसा?

कापता येत नव्हता, पण अडकवता येत होता. तबकडीवरची चर बाहेरून आत वळत जाते. शेफर यांनी ती एका फेऱ्यात स्वतःलाच मिळेल अशी बंद करून घेतली. सुई त्या वर्तुळात अडकली की तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीवर एक फेरा होतो 60 भागिले 78, म्हणजे साधारण 0.77 सेकंदाचा. बंद चरीतला तुकडा एवढाच लांब असू शकतो. त्यात रचनाकाराला निवड नाही.

पण या अपघाती मर्यादेतून एक गोष्ट हाती लागली. इंजिनाची शिट्टी एकदा ऐकली तर आपण "गाडी" ऐकतो. तोच पाऊण सेकंद पंधरा-वीस वेळा ऐकला की गाडी मागे पडते आणि आवाजाची पोत, त्याचा चढउतार, त्यातली खरखर पुढे येते. आवाज कशातून आला हे बाजूला ठेवून आवाजच ऐकण्याच्या या रीतीला शेफर यांनी पुढे "मर्यादित ऐकणं" अशा अर्थाचं नाव दिलं, आणि अशा रीतीने ऐकलेल्या आवाजाला "ध्वनी-वस्तू" म्हटलं.

"कापलेली घंटा" हा काय प्रकार आहे?

या प्रश्नाला सगळ्यात जास्त जागा द्यायला हवी. शेफर यांनी घंटेचा आवाज मुद्रित करताना ठोका पडून गेल्यावर मुद्रणाची पातळी वर नेली. तबकडीवर ठोका नाही, फक्त मागे राहिलेली आस, म्हणजे ठोक्यानंतर घुमत विरत जाणारा स्वर. ऐकलं तर ती घंटा वाटेना. ओबोसारख्या फुंकवाद्याचा स्वर ऐकू येतोय असं त्यांना जाणवलं.

याचं कारण असं. आपला कान वाद्य ओळखतो ते बऱ्याच अंशी सुरुवातीच्या काही दशांश सेकंदांवरून. घंटेवर टोल पडतो त्या क्षणी असंख्य कंपनं एकदम उसळतात, त्यातली बरीचशी एकमेकांशी न जुळणारी असतात आणि लगेच विरतात. उरतात ती थोडी, संथ कंपनं. "धातूवर काहीतरी आपटलं" ही माहिती त्या पहिल्या उसळीत असते. ती काढली की कानाकडे ओळखीची खूणच उरत नाही, आणि उरलेल्या सौम्य स्वराला तो दुसऱ्याच कुठल्या वाद्यात बसवतो.

घरी करून पाहायचं असेल तर स्टीलची जाड वाटी किंवा पूजेची घंटा घ्या. ती टांगती किंवा बोटांच्या टोकांवर हलकी धरा, म्हणजे आस दबणार नाही. माइक 20 ते 30 सेंटिमीटरवर ठेवा. ठोक्याच्या वेळी पातळी लाल खुणेला लागली तर मुद्रण फाटतं, म्हणून पातळी आधीच कमी ठेवा. आस पूर्ण विरेपर्यंत मुद्रण थांबवू नका. मग संगणकावर आवाज उघडून ठोक्यापासूनचे पहिले 100 मिलिसेकंद काढा आणि ऐका. मग 200, मग 400. कुठेतरी एका टप्प्यावर "घंटा" गळून पडते. तो टप्पा प्रत्येक घंटेचा वेगळा असतो.

इथे जवळजवळ सगळ्यांची एकच चूक होते. ठोका काढला तरी सुरुवातीला "टक्" ऐकू येतं आणि घंटा पुन्हा घंटाच वाटते. लहर शून्यावर नसताना कापली की पातळी एकदम शून्यावरून वर उडी मारते, आणि ती उडी म्हणजे एक नवा ठोकाच. उपाय म्हणजे कापलेल्या टोकाला 15 ते 20 मिलिसेकंदांचा हळू चढ द्या. चढ 200 मिलिसेकंदांच्या पुढे नेला तर मात्र आवाज फुगत येतो आणि तो वेगळाच प्रयोग होतो.

रेल्वेवरची पहिली रचना खुद्द शेफर यांनाच अपुरी का वाटली?

पाचांपैकी रेल्वेचा अभ्यास त्यांनी पॅरिसच्या बातिन्योल स्थानकावर टिपलेल्या आवाजांतून केला. लांबी तीन मिनिटांच्या आत. शिट्ट्या, वाफ, रुळांच्या सांध्यांवरचा ताल असे तुकडे आळीपाळीने आणि पुनरावृत्तीने मांडलेले आहेत. अडचण अशी की ऐकणारा तालात रमतो तेवढ्यात एखादा लांब, ओळखीचा तुकडा येतो आणि तो पुन्हा स्थानकावर जाऊन उभा राहतो. म्हणजे रचना अधूनमधून संगीत राहत नाही, प्रसंग होते. शेफर यांनी हे स्वतःच नोंदवलं. त्याच मालिकेतल्या दोन अभ्यासांत पियानोचे आवाज आहेत आणि ते वाजवले होते तरुण प्येर बुलेझ यांनी. ठोके काढलेला, उलटवलेला पियानो लवकर अनोळखी होतो, म्हणून तिथे ही अडचण कमी जाणवते.

मग टेपने नेमकं काय बदललं?

वेळ मोजपट्टीवर आली. व्यावसायिक यंत्रावर फीत सेकंदाला 38.1 सेंटिमीटर धावते, म्हणून 38.1 सेंटिमीटर म्हणजे एक सेकंद. अर्धा सेकंद हवा तर 19 सेंटिमीटर मोजून कापा. सेकंदाला 76.2 सेंटिमीटर वेगावर एक सेंटिमीटर होतो साधारण 13 मिलिसेकंदांचा. कोणत्याही वादकाच्या हातात नसलेली अचूकता कात्रीला मिळाली.

न्यूयॉर्कमध्ये जॉन केज यांनी 1952 मध्ये "विल्यम्स मिक्स" साठी फितीच्या मूळ आकारातच नोटेशन काढलं. आठ फितींचे तुकडे कागदावर ठेवून, शिवणकामाच्या बेतासारखे, तसेच कापायचे. सुमारे सव्वाचार मिनिटांच्या त्या रचनेची नोटेशनची पानं दोनशेच्या जवळ गेली.

जोड कसा लावतात?

पाव इंची, म्हणजे 6.35 मिलिमीटर रुंदीची फीत धरू. लागतं ते इतकंच: जोड लावायचा खाचेचा धातूचा ठोकळा, एका धारेची नवी ब्लेड, पांढरी किंवा पिवळी मेणाची पेन्सिल आणि जोडासाठीच बनवलेली चिकटपट्टी. ही पट्टी फितीपेक्षा किंचित अरुंद असते, ते मुद्दाम.

प्रथम जागा शोधायची. यंत्र थांबवून, फीत वाजवणाऱ्या हेडला टेकलेली ठेवून दोन्ही स्पूल हाताने पुढेमागे हलवायचे. आवाज खोल, गुरगुरत ऐकू येतो. ठोका सुरू होतो तिथे गुरगुर एकदम तीव्र होते. पुढेमागे हलवत ती जागा नेमकी हेडच्या मध्यावर आणा. तीन हेडच्या यंत्रात फीत आधी पुसणाऱ्या, मग मुद्रण करणाऱ्या आणि शेवटी वाजवणाऱ्या हेडवरून जाते. खूण वाजवणाऱ्या हेडवरच करायची. चुकून मधल्यावर केली तर जोड दरवेळी तितकाच पुढेमागे पडतो आणि कारण सापडायला दिवस जातो. खूण फितीच्या पाठीवर करा, हेडला लागणाऱ्या बाजूवर नाही.

आता फीत ठोकळ्याच्या खाचेत पाठ वर करून बसवा. खूण कापायच्या फटीवर आणा आणि ब्लेड एकाच ओढीत फिरवा. दोन्ही टोकं खाचेत एकमेकांना भिडवा. फट राहायला नको आणि एकावर एक चढायलाही नको. दोन-अडीच सेंटिमीटर चिकटपट्टी वरून ठेवून नखाने घासा. पट्टीखालची हवा गेली की तिचा धुरकट रंग जाऊन ती पारदर्शक दिसते. तसं दिसलं की जोड बसला.

कापायचं कोन करून की सरळ?

साधारणपणे 45 अंशात. फितीची रुंदी 6.35 मिलिमीटर असल्याने 45 अंशातला काप फितीच्या लांबीवरही 6.35 मिलिमीटर पसरतो. सेकंदाला 38.1 सेंटिमीटर वेगाने हे अंतर पार व्हायला जवळपास 17 मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात जुना आवाज उतरतो आणि नवा चढतो. वर घंटेसाठी सांगितलेला 15 ते 20 मिलिसेकंदांचा चढ इथून आला आहे. सरळ, 90 अंशात कापलं तर आवाज खाड्कन सुरू होतो. धारदार सुरुवात हवी असेल तिथे तेच योग्य. कोन हा सजावटीचा भाग नाही. आवाजाची सुरुवात कशी असेल हे रचनाकार ब्लेडने ठरवतो.

सगळं नीट करूनही प्रत्येक जोडावर "टक्" येतं. का?

पहिला संशय ब्लेडवर घ्या. पोलादी ब्लेडमध्ये चुंबकत्व आलं की ती कापतानाच फितीवर एक ठिपका मुद्रित करते. टाचणी ब्लेडला चिकटते का पाहा. चिकटली तर ब्लेड बदला किंवा चुंबकत्व काढा. ब्लेड ठीक असेल आणि आवाज क्षणभर पडत असेल तर जोडात फट आहे. जोडानंतर पुढच्या वेढ्यातही फीत चिकटत असेल तर साधी घरगुती चिकटपट्टी वापरली गेली आहे. तिचा गोंद कडेने पाझरतो.

टक् नाही, पण जोडापाशी पार्श्वभूमीची सळसळ एकदम नाहीशी होते, अशीही तक्रार येते. शांततेसाठी कोरी प्लास्टिकची लीडर फीत लावली की तिथे टेपची सळसळसुद्धा नसते आणि कानाला खड्डा जाणवतो. तिथे लीडरऐवजी त्याच यंत्रावर काहीही न बोलता मुद्रित केलेली फीत जोडा.

उलटा आवाज आणि बदललेला वेग: इथे काय लक्षात ठेवावं?

स्पूल उलटे बसवले की आस आधी आणि ठोका शेवटी येतो. मात्र फीत पूर्ण रुंदीवर एकाच पट्ट्यात मुद्रित असली पाहिजे. घरगुती यंत्रांवर फितीचे दोन किंवा चार पट्टे असतात, आणि उलटी लावल्यावर दुसऱ्या पट्ट्यावरचं भलतंच काही वाजतं.

वेग दुप्पट केला की आवाज एक सप्तक चढतो आणि निम्म्या वेळात संपतो. दोन्ही बदल एकत्रच होतात. त्यामुळे ठोकाही आखडतो आणि वाद्याची ओळख बदलते. शेफर यांच्या स्टुडिओतल्या "फोनोजेन" या यंत्राला याच कामासाठी बारा पट्ट्यांचा कळफलक होता. एकाच आवाजाचा फेरा बारा वेगांवर, म्हणजे सप्तकाच्या बारा स्वरांवर वाजवता येई.

कोलोनमध्ये तर रेकॉर्ड केलेले आवाज वापरतच नव्हते. मग त्यांचं काम टेप संगीतात कसं येतं?

जर्मन रेडिओच्या कोलोन स्टुडिओत सुरुवातीला विद्युत उपकरणातून काढलेल्या शुद्ध स्वरांवर भर होता. पण तिथेही काम कात्री आणि फितीवरच चाले. कार्लहाइन्झ स्टॉकहाउझन यांची 1954 सालची "स्टुडिए दोन" उलगडून पाहिली की हे स्पष्ट होतं.

साइन लहर म्हणजे एकच कंपनसंख्या असलेला, अगदी सपाट स्वर. अशा अनेक स्वरांचं मिश्रण करून नवे ध्वनी घडवायचे होते. आधीच्या, 1953 च्या रचनेत स्वर एकावर एक मुद्रित करावे लागले. प्रत्येक नकलेबरोबर टेपची सळसळ वाढते. सारख्याच सळसळीचा एक थर चढला की ती 3 डेसिबलने वाढते, आणि दहा थरांची मिळून 10 डेसिबलने. शिवाय एकत्र वाजणारे साइन स्वर कानाला सहज सुटे सुटे ऐकू येतात, ते एकजीव होत नाहीत.

म्हणून दुसऱ्या रचनेत त्यांनी पाच स्वर एकत्र वाजवलेच नाहीत. प्रत्येक स्वराचा 4 सेंटिमीटरचा तुकडा कापला. सेकंदाला 76.2 सेंटिमीटर वेगावर हा तुकडा साधारण 52 मिलिसेकंद वाजतो. पाचही तुकडे एकापुढे एक जोडले. ही पाव सेकंदाची साखळी प्रतिध्वनीच्या खोलीत वाजवली आणि तिथे उठलेला घुमारा मुद्रित केला. खोलीतल्या घुमाऱ्यात पाचही स्वर एकमेकांत मिसळतात आणि एकच, किंचित खरबरीत ध्वनी तयार होतो. तो सरळ वाजवला तर विरत जातो, उलटा वाजवला तर फुगत येतो. घंटेपासून हे दूर नाही. इथेही मूळ ठोका मागे टाकून आस वापरली आहे.

स्वरांची शिडीही नेहमीची नाही. सप्तकाच्या 12 समान भागांऐवजी त्यांनी 1 ते 5 या गुणोत्तराचे 25 समान भाग केले. एक पायरी म्हणजे साधारण 1.0665 पट, आपल्या परिचयाच्या अर्ध्या स्वरापेक्षा जरा मोठी. 100 हर्ट्झपासून सुरू होणाऱ्या अशा 81 पायऱ्या आहेत. लागोपाठच्या पायऱ्या घेतल्या तर मिश्रण होतं 100, 107, 114, 121, 129 हर्ट्झचं, दाट आणि घासणारं. दर पाचवी पायरी घेतली तर 100, 138, 190, 263, 362 असं मोकळं. अशा पाच रुंदींची मिश्रणं संपूर्ण रचनेत आहेत.

संगणकावर हे sox या मोफत साधनाने दोन मिनिटांत ऐकता येतं:

```
for f in 100 138 190 263 362; do
  sox -n -r 48000 -c 1 $f.wav synth 0.0525 sine $f
done
sox 100.wav 138.wav 190.wav 263.wav 362.wav chain.wav
sox chain.wav mix.wav gain -6 pad 0 3 reverb -w 90
sox mix.wav ulta.wav reverse
```

आधी chain.wav ऐका. पाच सुटे टप्पे कळतात. मग mix.wav ऐका. pad 0 3 वगळलं तर घुमारा विरायच्या आत फाइल संपते. हीच चूक सगळ्यात जास्त होते. साखळीत सांध्यांवर बारीक टकटक ऐकू आली तर प्रत्येक तुकड्याला दोन-तीन मिलिसेकंदांचा चढ-उतार द्या. मग 107, 114 ची दाट मालिका घालून दोन्ही मिश्रणं शेजारी शेजारी ऐका.

पॅरिस आणि कोलोन यांच्यात वाद होता ना?

होता, आणि कडवा होता. एका बाजूला जगातले आवाज, दुसऱ्या बाजूला घडवलेले. पण 1956 मध्ये त्याच कोलोन स्टुडिओत स्टॉकहाउझन यांनी "गेझांग डर युंगलिंगे" मध्ये एका मुलाचा गाता आवाज आणि विद्युत ध्वनी एकत्र विणले. त्यानंतर ही भिंत फारशी उरली नाही.

भारतात असं काम झालं का?

झालं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझर आणि टेप यंत्रांचा स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी तिथे काम केलं. त्या फिती दीर्घकाळ संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. त्यांतली निवड 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. ती ऐकाच.

घरात किंवा संस्थेत जुने स्पूल सापडले आहेत. लावून पाहावेत का?

लगेच नको. आधी स्पूल उजेडासमोर आडवा धरा. वेढ्यांतून उजेड आरपार दिसला तर फीत बहुधा ॲसिटेटची आहे. ती ताण पडला की सरळ तुटते, आणि व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तिचं विघटन सुरू झालं आहे. उजेड अडत असेल तर पॉलिएस्टर. ती तुटण्याऐवजी ताणली जाते, आणि ताणलेला आवाज परत येत नाही. 1970 नंतरच्या, काळसर पाठीच्या काही पॉलिएस्टर फितींचा गोंद ओल शोषून चिकट होतो. वाजवताना किंचाळल्यासारखा आवाज आला आणि हेडवर तपकिरी लेप जमला तर यंत्र तत्काळ थांबवा. अशा फिती नियंत्रित, कमी उष्णतेत सुकवून काही काळापुरत्या वाजवण्याजोग्या करता येतात. ते जाणकाराकडूनच करून घ्या. ॲसिटेटला ही उष्णता कधीही देऊ नका.

रचनेची मूळ फीत असेल तर आणखी एक धोका आहे. तिच्यात शेकडो जोड असू शकतात आणि जुन्या चिकटपट्टीचा गोंद सुकलेला असतो. पहिल्यांदा फीत यंत्रावर न वाजवता हाताने संथपणे एका स्पूलवरून दुसऱ्यावर घ्या. जोड सुटला की तिथेच थांबा. दोन्ही टोकांच्या पाठीवर एकच क्रमांक लिहा, कोणतं टोक आधीचं ते बाणाने दाखवा, जुना गोंद लिंटविरहित कापडाने हलकेच पुसा आणि त्याच कापावर नवी पट्टी लावा. नव्याने कापू नका. एक मिलिमीटर जरी काढलात तरी त्या जागी ठरवून कापलेली सुरुवात बदलते.